वजनांचा व्हेरियन्स उणे कसा आला?

*रबाळे एमआयडीसीतल्या एका पॅकिंग युनिटमध्ये क्यूसीला ट्रेनी आहे. सहा बाटल्यांची वजनं ग्रॅममध्ये अशी: ५००.१, ५००.३, ४९९.९, ५००.२, ५००.०, ५००.२. सरासरी ५००.१२. वर्गांची सरासरी काढून त्यातून सरासरीचा वर्ग वजा केला, तर उणे ३.३१६ आलं. वर्गांची सरासरी ही सरासरीच्या वर्गापेक्षा कमी होऊच शकत नाही असं कॉलेजात शिकलो होतो. मग हे कसं झालं? आणि ते ‘होऊच शकत नाही’ नक्की कशामुळे?*

कॉलेजात शिकलात ते बरोबर आहे, आणि तुमची सहाही वजनं बरोबर आहेत. गडबड त्या ५००.१२ मध्ये आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात भरणी यंत्रांवर क्यूसीचं काम करताना मला हा उणे आकडा बऱ्याच वह्यांत दिसला आहे, आणि दर वेळी त्याचं कारण सिद्धतेच्या एकाच ओळीत सापडलं आहे. म्हणून तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की पहिल्याचं उत्तर आपोआप समोर येईल.

दोनच संख्या घ्या, ३ आणि ७. सरासरी ५, तिचा वर्ग २५. वर्ग ९ आणि ४९, त्यांची सरासरी २९. फरक ४ चा. हा ४ कुठून आला ते बघा. ३ म्हणजे ५ मधून २ कमी आणि ७ म्हणजे ५ वर २ जास्त. खालच्या बाजूला २ ने सरकल्यावर वर्ग २५ वरून ९ वर आला, म्हणजे १६ ने घटला. वरच्या बाजूला तेवढंच सरकल्यावर तो ४९ झाला, म्हणजे २४ ने वाढला. सरकणं दोन्हीकडे सारखं, पण वर्गाची वाढ घटीपेक्षा ८ ने जास्त. ते ८ दोघांत वाटले की ४, आणि ४ म्हणजे त्या सरकण्याचाच वर्ग.

आता कितीही संख्या असोत. त्यांची सरासरी m धरा आणि प्रत्येक संख्या x = m + d अशी लिहा. d म्हणजे त्या संख्येचं सरासरीपासूनचं विचलन, कुठे अधिक, कुठे उणे. वर्ग केला की तीन तुकडे पडतात:

x² = m² + 2md + d²

आता या तिन्ही तुकड्यांची सरासरी घ्या. पहिला सगळीकडे सारखाच आहे, म्हणून तो m² च राहतो. मधल्यात 2m बाहेर काढला की आत उरते d ची सरासरी, आणि ती शून्य असते. सरासरीपासूनची सगळी विचलनं मिळवली तर अधिक आणि उणे एकमेकांना पुरते फेडतात, कारण सरासरीची व्याख्याच ती आहे. तिसऱ्या तुकड्यातून उरते d² ची सरासरी, आणि तिचंच नाव व्हेरियन्स. म्हणून:

वर्गांची सरासरी = सरासरीचा वर्ग + व्हेरियन्स

व्हेरियन्स ही वर्गांची सरासरी आहे. खऱ्या संख्येचा वर्ग उणे नसतो, आणि उणे नसलेल्या संख्यांची सरासरीही उणे होत नाही. सिद्धता एवढीच. शिवाय ती दोघांत मोठं कोण एवढंच सांगून थांबत नाही, किती मोठं तेही सांगते. फरक नेमका व्हेरियन्सएवढा. तो शून्य तेव्हाच होईल जेव्हा प्रत्येक d शून्य असेल, म्हणजे सगळ्या संख्या तंतोतंत सारख्या असतील.

हा फरक कागदापुरता नाही, हे थोडं विषयांतर करून सांगतो. तुमच्याच शेडमध्ये एखाद्या केबलमधून अर्धा तास १० अँपिअर आणि पुढचा अर्धा तास ३० अँपिअर प्रवाह गेला, तर सरासरी २० पडते. पण केबलमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गावर चालते. १०० आणि ९०० यांची सरासरी ५००, तर २० चा वर्ग ४००. म्हणजे सतत २० अँपिअर वाहिले असते त्यापेक्षा त्या तासात केबलमध्ये सव्वापट उष्णता निर्माण झाली. वरचे १०० म्हणजे प्रवाहाचा व्हेरियन्स. केबल निवडताना नुसती सरासरी बघून चालत नाही ते याचमुळे.

आता तुमच्या बाटल्या. सहा वजनांचे वर्ग मिळवले तर १५,००,७००.१९ होतात. सहाने भागले की २,५०,११६.६९८३. इथवर तुमचं गणित चोख आहे. खरी सरासरी मात्र ५००.१२ नाही, ती आहे ५००.११६६६... आणि हे सहा पुढे संपतच नाहीत. या पूर्ण सरासरीचा वर्ग २,५०,११६.६८०३. वजाबाकी ०.०१८०६. हा तुमचा खरा व्हेरियन्स, आणि त्याचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन ०.१३४ ग्रॅम. आकड्यांकडे नुसती नजर टाकली तरी हे पटतं, कारण वजनं ४९९.९ आणि ५००.३ यांच्या मध्येच आहेत.

तुम्ही सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत वर नेली, म्हणजे ती जेमतेम ०.००३३ ग्रॅमने वाढली. काट्यालाही न दिसणारी वाढ. पण तिचा वर्ग केल्यावर ती दुप्पट सरासरीने गुणली जाते: २ × ५०० × ०.००३३, म्हणजे साधारण ३.३३. मोजायचं होतं ०.०१८, आणि चूक शिरली ३.३३ ची. ०.०१८ मधून ३.३३ गेले की तुमचे उणे ३.३१६ समोर येतात.

सिद्धतेत हे कुठे बसतं ते नीट बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. मधला तुकडा 2md गळून पडला तो d ची सरासरी शून्य होती म्हणून. ५००.१२ पासून विचलनं घेतली तर त्यांची सरासरी शून्य राहत नाही, उणे ०.००३३ होते. मग मधला तुकडा जिवंत राहतो, आणि त्याच्या पुढे २ × ५०० असा हजाराचा गुणक उभा आहे. म्हणजे नियम मोडलेलाच नाही. नियम संख्यांच्या खऱ्या सरासरीबद्दल बोलतो, आणि वजाबाकीत तुम्ही दुसरीच एक संख्या घातली.

आणखी दोन-तीन दशांश स्थळं घेऊन हे सुटेल असं वाटेल. करून बघा. सरासरी ५००.११७ घेतली तर उत्तर उणे ०.३१५ येतं. ५००.११६७ घेतली तर उणे ०.०१५, अजूनही उणेच. ५००.११६६७ वर पोचल्यावर ०.०१४७ येतं. उणे चिन्ह गेलं, पण खरं उत्तर ०.०१८१ आहे, म्हणजे पाच दशांश स्थळं घेऊनही उत्तर जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमीच पडलं. दोन प्रचंड आणि जवळपास सारख्या संख्यांची वजाबाकी केली की पुढचे सगळे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती शेवटचे दोन-चार उरतात. तेच जर बेभरवशाचे असतील तर उत्तरात उरलं काय?

तुमचं उत्तर उणे आलं हे एका अर्थी बरंच झालं, कारण उणे व्हेरियन्स लपत नाही. सरासरी वर न नेता खाली छाटली असती, म्हणजे ५००.११ घेतली असती, तर उत्तर अधिक ६.६९ आलं असतं आणि प्रमाण विचलन २.५९ ग्रॅम. कुणालाही शंका आली नसती. हे मी अनुभवावरून सांगतो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी महापेच्या एका कारखान्यात असंच एक शीट वापरात होतं. त्यात सरासरीचे दोन दशांशांनंतरचे अंक छाटले जात. एका पाळीत प्रमाण विचलन अचानक अडीच ग्रॅमच्या वर दिसलं. आम्ही भरणी थांबवली, नोझल उघडले, सील बदलले, अख्खी दुपार त्यात गेली. दुसऱ्या दिवशी मी कच्ची वजनं पुन्हा पाहिली, तर सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड बाटलीत अर्ध्या ग्रॅमचासुद्धा फरक नव्हता. यंत्राला काही झालेलंच नव्हतं. तेव्हापासून प्रमाण विचलन वाचलं की आधी मी सर्वांत मोठी वजा सर्वांत लहान संख्या बघतो. n ने भागून काढलेलं प्रमाण विचलन या अंतराच्या निम्म्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. तुमच्या वजनांत अंतर ०.४ आहे, म्हणजे कमाल ०.२. तिथे २.५९ हा आकडा बघताक्षणी खोटा ठरतो.

आता यावर उपाय. दहावीच्या सांख्यिकीत गृहीतमध्य पद्धत केली असेल. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून ती शिकवतात अशी सर्वांची समजूत असते, पण इथे तिचं खरं मोल कळतं. प्रत्येक वजनातून आधी ५०० वजा करा. उरतं ०.१, ०.३, −०.१, ०.२, ०, ०.२. सगळ्या बाटल्यांतून सारखंच वजन काढलं, म्हणून त्यांची आपसांतली पसरण जराही बदलली नाही, व्हेरियन्स तोच राहिला. आता वर्ग मिळवा: ०.०१ + ०.०९ + ०.०१ + ०.०४ + ० + ०.०४ = ०.१९. सहाने भागून ०.०३१६७. सरासरी ०.११६६७, तिचा वर्ग ०.०१३६१. वजाबाकी ०.०१८०६, आणि हे सगळं वहीच्या समासात मावलं.

इथेही सरासरी मुद्दाम ०.१२ धरून बघा. वर्ग ०.०१४४, वजाबाकी ०.०१७२७. चूक राहिली, पण ३.३३ ऐवजी ०.०००८ ची. मधल्या तुकड्यापुढचा गुणक आता २ × ५०० नसून २ × ०.१२ एवढाच आहे, फरक पडला तो त्यामुळे.

दुसरा मार्ग आणखी पक्का आहे: वजाबाकीचं सूत्र वापरूच नका. प्रत्येक विचलन काढा, त्याचा वर्ग करा आणि त्या वर्गांची सरासरी घ्या. गंमत अशी की यात तुमची ५००.१२ ही चुकीची सरासरीसुद्धा चालून जाते. विचलनं −०.०२, ०.१८, −०.२२, ०.०८, −०.१२, ०.०८. वर्गांची बेरीज ०.१०८४, सहाने भागून ०.०१८०७. खरं उत्तर ०.०१८०६. असं का, तर m ऐवजी दुसरी कुठलीही संख्या a घेतली तरी

(x − a)² ची सरासरी = व्हेरियन्स + (m − a)²

एवढंच होतं. चुकीचाही वर्ग होतो, आणि ०.००३३ चा वर्ग म्हणजे ०.००००११. वजाबाकीच्या सूत्रात हीच चूक हजाराने गुणली जात होती, इथे ती स्वतःनेच गुणली जाऊन नाहीशी होते. शिवाय हे उत्तर कधीच उणे येणार नाही, कारण यात बेरीज फक्त वर्गांची आहे. दोन्ही सूत्रं बीजगणितात एकच, पण वहीत आणि यंत्रात ती एकसारखी वागत नाहीत.

यंत्राचं म्हणाल तर, एक्सेलमध्ये सरासरीचा सेल नुसता दोन दशांश दाखवत असेल तर बिघडत नाही, आत पूर्ण संख्या असते. ROUND लावला असेल, किंवा सेलमध्ये दिसणारा आकडा वहीत उतरवून तिथून कॅल्क्युलेटरवर घेतला असेल, तर मात्र तुमच्यासारखं होतं. सरळ VAR.P वापरा. एक्सेल २००३ च्या आधी याचं जुनं रूप VARP हेही आतून वजाबाकीचंच सूत्र वापरत असे. २००३ पासून ते आधी सरासरी काढतं आणि मग विचलनांचे वर्ग मिळवतं.

लाइनवरच्या कंट्रोलरबद्दल मात्र सावध राहा. पीएलसीत दशांश संख्या बऱ्याचदा ३२ बिटांत ठेवतात. अशा साठवणीत अडीच लाखांच्या आसपास दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर १/६४, म्हणजे ०.०१५६ असतं. त्यामधलं काही तिथे लिहिताच येत नाही. तुमचा व्हेरियन्स ०.०१८ चा. म्हणजे वजाबाकीचं सूत्र तिथे चालवलं तर उत्तर शून्य येईल, ०.०१५६ येईल, ०.०३१३ येईल किंवा उणे ०.०१५६ असं काहीही येईल, आणि ते बाटल्यांपेक्षा अंकांच्या जुळणीवर ठरेल. वर वर्गमूळ घेणारी ओळ असली की उणे उत्तरावर प्रोग्रॅम अडखळतो. मग कुणीतरी ‘उणे आलं तर शून्य धर’ अशी ओळ घालून मोकळं होतं. मला ही दुरुस्ती अजिबात मान्य नाही. उणे दिसणं बंद होतं, पण अधिक बाजूची खोटी उत्तरं तशीच राहतात.

वजनं एकेक करून येत असतील आणि सगळी साठवून ठेवायला जागा नसेल, तर बी. पी. वेलफर्ड यांनी १९६२ मध्ये मांडलेली रीत वापरा. पायथनमध्ये ती अशी:

```python
n, m, s = 0, 0.0, 0.0
for x in [500.1, 500.3, 499.9, 500.2, 500.0, 500.2]:
    n += 1
    d = x - m
    m += d / n
    s += d * (x - m)
print(m, s / n)
```

यात d हे जुन्या सरासरीपासूनचं विचलन आहे आणि (x - m) हे नव्या सरासरीपासूनचं. नवी सरासरी जुनी सरासरी आणि x यांच्या मध्येच कुठेतरी पडते, म्हणून दोन्ही विचलनांचं चिन्ह एकच असतं आणि गुणाकार कधी उणे होत नाही. s दर वेळी वाढते किंवा आहे तिथेच राहते. व्हेरियन्स उणे न होण्याचं जे कारण वर बघितलं, तेच इथे प्रत्येक पायरीला पाळलं जातं. मोठ्या वर्गांची वजाबाकी कुठेच नाही.

उणे उत्तर आलंच तर ते किती मोठं आहे यावरून चुकीची जागा कळते. तुमच्यासारख्या ५०० ग्रॅमच्या वजनांत ते दोन-चार एककांचं असेल, तर सरासरी दुसऱ्या दशांशावर कुठेतरी कापली गेली आहे. शतांश-सहस्रांशाच्या घरातलं असेल, तर सरासरी थोडी पुढे कापलेली किंवा साठवणीत अंक अपुरे. आणि हजारांत असेल तर दोन सरासऱ्यांचे भाजकच वेगळे आहेत. समजा, शीटने शीर्षकाची ओळही मोजली आणि वर्गांची बेरीज सहाऐवजी सातने भागली, पण सरासरी मात्र सहानेच काढली. मग उत्तर उणे ३५,७३१ येतं. नियमाची अट आहे की दोन्ही सरासऱ्या त्याच संख्यांच्या आणि त्याच भारांनी घेतलेल्या असाव्यात. एकीकडे रिकामा सेल शून्य म्हणून धरला आणि दुसरीकडे वगळला, तरी ही अट मोडते.

आणखी एक गोष्ट, कारण रिपोर्ट भरताना ती आड येईल. वरचं सगळं n ने भागून झालं. सहा बाटल्यांवरून अख्ख्या यंत्राची पसरण सांगायची असेल तर विचलनांच्या वर्गांची बेरीज ०.१०८३ ही पाचने भागतात. मग व्हेरियन्स ०.०२१७ आणि प्रमाण विचलन ०.१४७ ग्रॅम येतं. एक्सेलमध्ये हे VAR.S. पण हा पाचचा भाजक वजाबाकीच्या सूत्रात वर्गांच्या सरासरीला लावू नका. १५,००,७००.१९ ला पाचने भागून त्यातून सरासरीचा वर्ग काढला तर पन्नास हजारांवर उत्तर येतं. आधी विचलनांच्या वर्गांची बेरीज पूर्ण करायची, भागायचं त्यानंतर.

आणि व्हेरियन्स शून्य आला तर लगेच खूश होऊ नका. तुमच्या सहाही बाटल्या एक ग्रॅम अचूकतेच्या काट्यावर ठेवल्या असत्या तर सहा वेळा ५०० दिसले असते. वर्गांची सरासरी आणि सरासरीचा वर्ग दोन्ही २,५०,०००, फरक शून्य. गणित बरोबर, पण बाटल्या सारख्या भरल्या गेल्यात असा त्याचा अर्थ नाही. काट्याला त्यांच्यातला फरक दिसला नाही, एवढाच.

वहीतलं आजचं पान ५०० वजा करून पुन्हा लिहा. मग मागची पानं काढा, आणि उणे आलेल्या ओळींवर थांबू नका. ज्या ओळींत उत्तर अधिक आहे तिथेही सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वजनांतलं अंतर बघा, त्याचं निम्मं करा आणि लिहिलेलं प्रमाण विचलन त्याच्यापुढे गेलेलं आहे का ते तपासा. गेलेलं नसेल तरी सरासरी कापून लिहिली असेल तर ती ओळ पुन्हा करा.